'डू द नीडफुल' वाचून परदेशातला माणूस हसत नाही, अडतो

दर काही महिन्यांनी कुणीतरी यादी टाकतं: भारतीयांनी ताबडतोब सोडायचे इंग्रजी वाक्प्रयोग. वरच्या क्रमांकावर ठरलेलं 'काइंडली डू द नीडफुल', त्याखाली 'रिव्हर्ट बॅक'. मग खाली हसणारे इमोजी आणि 'आपलं इंग्रजी कधी सुधारणार' असे उसासे. मी पुण्यात सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये काम करते. अमेरिकन आणि युरोपियन क्लायंटना मेल लिहिणं आणि टीममधल्या पोरांचे मेल जाण्याआधी डोळ्यांखालून घालणं, यात माझा बराच दिवस जातो. त्या यादीवाल्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. पण हे शब्द परदेशी मेलमधून काढा, असं मीही पोरांना सांगते. कारण वेगळं आहे.

'डू द नीडफुल' हे अशुद्ध वगैरे काही नाही. ते साहेबाचंच इंग्रजी. 19 व्या शतकातल्या ब्रिटिश पत्रव्यवहारात ते चालायचं, पुढे तिकडे मागे पडलं आणि आपल्या कचेऱ्यांत टिकून राहिलं. टिकलं कारण आपल्याकडे त्याची सोय आहे. 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती' हे वाक्य आठवा. तलाठ्याला फेरफारासाठी अर्ज देताना आपण त्याला नोंद कुठे करायची, नोटीस कुणाला काढायची हे सांगत नाही. त्याची पद्धत ठरलेली आहे, ती त्याला माहीत आहे, आणि वरच्या माणसाला कामाच्या पायऱ्या सांगणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. म्हणजे 'नीडफुल' हा शब्द पोकळ नाही. दोघांना ठाऊक असलेल्या कार्यपद्धतीकडे तो बोट दाखवतो.

परदेशातल्या वाचकाकडे ती पद्धतच नसते. त्याला शब्द कळतात, पण नेमकं काय करायचं ते कळत नाही.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा क्लायंट. आमच्या मॉनिटरिंग सर्व्हरला त्यांच्या टेस्ट सर्व्हरशी पोर्ट 8443 वर बोलायचं होतं आणि फायरवॉल अडवत होती. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे उन्हाळ्यात त्यांच्या सकाळी नऊला, आमच्याकडून मेल गेला: कनेक्शन टाइमआउट होतंय, लॉग जोडलाय, काइंडली डू द नीडफुल. मेल चौघांना होता. नेटवर्कवाल्याला वाटलं, ॲप्लिकेशनवाले बघतील. ॲप्लिकेशनवाल्यांना वाटलं, ही नुसती माहिती आहे. गुरुवारी त्यांच्या मॅनेजरने विचारलं, 'आमच्याकडून नक्की काय हवंय?' हा प्रश्न आला तेव्हा आमच्याकडे रात्र. आम्ही शुक्रवारी उत्तर दिलं, तेव्हा कळलं की त्यांच्याकडे फायरवॉलचा नियम चेंज तिकीट मंजूर झाल्याशिवाय बदलतच नाहीत. आठवडा गेला. कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही.

तोच मेल नंतर मी पोराकडून पुन्हा लिहून घेतला. विषयाच्या ओळीतच मागणी: टेस्ट सर्व्हरवर पोर्ट 8443 उघडून हवा, गुरुवारपर्यंत. आत एका माणसाला उद्देशून: कुठल्या सर्व्हरवरून कुठल्या सर्व्हरकडे, गुरुवार तुमच्या वेळेनुसार किती वाजेपर्यंत, नाही झालं तर सोमवारची चाचणी पुढे जाईल, आणि यासाठी चेंज तिकीट लागत असेल तर ते तुम्ही काढणार की आम्ही? पोराची पहिली प्रतिक्रिया होती, 'मॅडम, हे फार हुकूम सोडल्यासारखं नाही का वाटत?' आपल्याला वाटतं. त्यांना ते मदत केल्यासारखं वाटतं, कारण वाचणाऱ्याला विचार करावा लागत नाही.

'रिव्हर्ट'चं प्रकरण याहून वाईट, कारण तिथे वाचक अडत नाही, चुकीचं काम करून मोकळा होतो. आपल्याकडे रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं. सिंगापूर-मलेशियातही तसंच वापरतात, तिथे तुम्ही बिनधास्त लिहा. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसासाठी रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला जाणं. सॉफ्टवेअरमध्ये तर ही रोजची आज्ञा आहे: `git revert` दिलं की आधीचा बदल उलटवणारा नवा बदल नोंदला जातो. ओळखीच्या एका टीमने डेटाबेसचा टाइमआउट 30 सेकंदांवरून 90 केला आणि तिकडच्या ऑन-कॉल इंजिनिअरला लिहिलं, 'काइंडली चेक अँड रिव्हर्ट बॅक'. त्याने तपासलं, सगळं ठीक होतं, आणि सांगितल्याप्रमाणे मूल्य पुन्हा 30 केलं. रात्री जुन्याच तक्रारी परत सुरू. इथे सगळे आपापल्या कोडमध्ये दोष शोधत बसले. शेवटी चेंज लॉग उघडला तर नोंद होती: विनंतीनुसार पूर्ववत केलं.

यादीवाले म्हणतात की 'बॅक' फालतू आहे, व्याकरणात पुनरुक्ती होते. असेल. पण कामाच्या दृष्टीने ते 'बॅक' फालतू नाही, घातक आहे. नुसतं 'रिव्हर्ट' वाचून जो थोडा घुटमळला असता, त्याचीही 'बॅक' वाचून खात्री पटते की जुनं परत आणायचं आहे.

राहिलं 'काइंडली'. आपण ते नम्रतेसाठी लिहितो. अमेरिकन कानाला ते बऱ्याचदा दात आवळून केलेल्या विनंतीसारखं लागतं, 'कृपया इथे थुंकू नये' या पाटीतलं 'कृपया' असतं ना, तसं. आणि गेल्या काही वर्षांत त्याला आणखी एक वास चिकटलाय, तो म्हणजे फसवणुकीच्या मेलचा. गिफ्ट कार्ड मागणारे, खातं बंद होईल म्हणून धमकावणारे मेल 'काइंडली'ने इतके भरलेले असतात की तिकडे अनेकांना तो शब्द दिसताच शंका येते.

कोल्हापूरकडे फाउंड्री असलेल्या एका नातेवाइकांना याचा झटका बसला. त्यांनी बँक बदलली आणि अमेरिकेतल्या खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागाला लिहिलं: काइंडली नोट अवर न्यू बँक डिटेल्स अँड डू द नीडफुल टुडे इटसेल्फ. पेमेंट थांबलं. दोष एकट्या भाषेचा नाही, हेही सांगते. पुरवठादाराच्या नावाने 'आमचं खातं बदललंय' असा मेल पाठवून पैसे लुबाडण्याचा प्रकार तिकडे इतका झालाय की नीट कारभार असलेली कुठलीही कंपनी अशा मेलवर आधी खात्री करून घेते. पण काकांच्या मेलमध्ये सगळ्या खुणा एकत्र जमल्या होत्या: नवं खातं, घाई, काइंडली, आणि इन्व्हॉइस नंबरचा पत्ता नाही. मेल स्पॅम समजून बाजूला पडला, उलट फोनसुद्धा आला नाही. पैशांची विचारणा केल्यावर कुठे उलगडा झाला.

दुसरा मेल आम्ही दोघांनी बसून लिहिला. कुठल्या इन्व्हॉइसपासून नवं खातं लागू, सोबत बँकेचं पत्र, आणि 'बदल करण्याआधी तुमच्याकडे आधीपासून नोंद असलेल्या आमच्या नंबरवर फोन करून खात्री करा' ही ओळ. काकांना ती ओळ अपमानास्पद वाटत होती, आपणच आपल्यावर संशय घ्यायला सांगतोय म्हणून. खरेदीदाराच्या बाईंनी फोन केला, खातं बदललं, पेमेंट सुटलं.

आमच्या मुंबई ऑफिसला मी स्वतः आजही 'प्लीज डू द नीडफुल' लिहिते. तिथे ते कळतं आणि कामही होतं. ज्यांना कमेंटमध्ये हसायचंय त्यांनी हसावं.