वारीची रजा: साहेबाला अंधारात कसं ठेवावं

पायी वारीला जायचं ठरवलंत, उत्तम. आता रजेच्या अर्जाचं बघू. आमच्या अकाउंट्समधल्या एका माउलीभक्ताने 2025 च्या वारीला जो अर्ज केला, तोच नमुना समोर ठेवून सांगतो.

अर्जात तारीख घालू नये. 'वारीनिमित्त काही दिवस रजा हवी' एवढं पुरे. पुण्यातून पालखी कधी हलणार, पंढरपूरला कधी टेकणार, ते साहेबाने पंचांगात शोधावं. घालायचीच असेल तर गेल्या वर्षीचा अर्ज उघडून तीच तारीख ठेवून द्यावी. आषाढी 2024 ला 17 जुलैला होती, 2025 ला 6 जुलैला आली आणि 2026 ची अधिक ज्येष्ठामुळे थेट 25 जुलैची. साहेबाला तेवढाच विरंगुळा.

अर्जाचा मुहूर्त शुक्रवारी संध्याकाळचा. दिंडीत नाव घालून, भिशी भरून झालेली असते, तंबूत जागा ठरलेली असते, नवे बूट घालून पर्वतीच्या चार फेऱ्यासुद्धा झालेल्या असतात. ऑफिसला मात्र पालखी पुण्यात मुक्कामाला आली की मगच कळवावं.

परत कधी येणार, हे तर अजिबात लिहू नये. देवाच्या दारात घड्याळ बघतात का?

कारण म्हणून 'माउलींची इच्छा' लिहावं. त्यावर नाही म्हणायची छाती कोणाची आहे?

आणि शेवटी ते सोन्याचं वाक्य टाकायला विसरू नका: 'फोनवर उपलब्ध आहे.' कुठे उपलब्ध? दिवे घाटात, जिथे लाखभर फोन एका टॉवरला लोंबकळतात? की दिंडीच्या ट्रकपाशी, जिथे एका बोर्डवर वीस चार्जर आणि तुमचा नंबर रात्री अकराला? जूनचा टीडीएस 7 जुलैपर्यंत भरायचा असतो, हे अकाउंट्समधल्या माणसाला मी सांगायचं? 2025 ला एकादशी रविवारी, 7 तारीख सोमवारी. चलन तयार, खात्यात पैसे तयार, आणि बँकेत एंट्री करायचा अधिकार एकट्या ह्याच्या नावावर. ओटीपी जाणार ह्याच्या मोबाइलवर. मोबाइल संपर्कक्षेत्राच्या बाहेर. सकाळी दहापासून आम्ही आळीपाळीने फोन लावतोय. ह्याचा तंबू ज्यांनी भाड्याने दिला त्यांच्यापर्यंत पोचलो. बँकेत गेलो तर म्हणाले, दुसरं नाव घालायला ठराव आणा, अर्ज आणा, सह्या आणा, मग आठवडाभरात बघू. रात्री नऊला साहेबांना मेसेज आला: 'राम कृष्ण हरी, आत्ताच बार्शीच्या एसटीत बसलो.' मंगळवारी भरला. एक दिवस उशीर, पण व्याज दिवसावर नाही, महिन्यावर लागतं. दरमहा दीड टक्का, तेही पैसे कापले त्या तारखेपासून, आणि अर्धामुर्धा महिनासुद्धा पूर्ण धरून. म्हणजे जून एक आणि जुलै एक, झाले तीन टक्के. ते कोण भरणार, विठोबा?

अरे बाबा, जाऊ नकोस असं कोणी म्हटलं? साहेब स्वतः सासवडपर्यंत चालतात. रजा मिळाली असती, हसत मिळाली असती. पण ज्याला तुझं काम वाटून द्यायचं आहे त्याला चार गोष्टी लागतात आणि त्या भक्तीतून आपोआप कळत नाहीत. हे असं लिहायचं होतं, एप्रिलमध्ये:

'रविवार 22 जूनला पुण्यातून पालखीसोबत निघून शनिवार 5 जुलैला पंढरपूर, 6 ला एकादशी. शनिवार-रविवार सोडून 23 जून ते 4 जुलै असे कामाचे 10 दिवस, शिवाय परतीचा प्रवास आणि पायांसाठी 7 व 8 जुलै, एकूण 12 दिवस रजा हवी. बुधवार 9 जुलैला हजर होईन. वाटेत फोन लागणार नाही असंच धरावं. जूनची बिलं 20 तारखेपर्यंत येतील तेवढी नोंदवून जातो. त्यानंतरची बिलं आणि 7 जुलैचा टीडीएस अमुक व्यक्तीकडे. मेमधला टीडीएस 7 जूनच्या आत तिच्याच हातून भरून घेतो, म्हणजे कुठे अडतं ते मी असतानाच कळेल. बँकेत तिचं नाव घालायचा अर्ज सोबत सहीला जोडला आहे. पार्ट्यांचे बॅलन्स जुळवणं मी आल्यावर करीन, ते थांबलं तरी चालेल.'

बास. ह्यात कुठे देव आड आला? काय थांबू शकतं आणि काय नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं? टेबलावर फायलींचा गठ्ठा ठेवून त्यावर 'माउली' अशी चिठ्ठी चिकटवली की काम सोपवलं होत नाही. आल्यावर सगळ्यांना चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटलास, मी खाल्ला. व्याजाचं व्हाउचर मात्र तूच कर, आणि नॅरेशनमध्ये कारण खरं लिही. पुढच्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी अर्ज आला, तर मी पुढे पाठवणार नाही.