निकाल पाहून चौकट काढू नका

“थिअरॉटिकल आणि कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क एकच असते. शास्त्रज्ञाचे नाव टाकले की थिअरॉटिकल, बाणांची आकृती काढली की कन्सेप्च्युअल. आकृती निकाल हाती आल्यावर काढावी, म्हणजे गृहीतके चुकत नाहीत. मुलाखतींवर आधारलेल्या संशोधनाला यातले काहीच लागत नाही.”

हा संदेश पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या गटांतून फिरत माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने आराखड्यातील आकृती “नंतर काढू” म्हणून बाजूला ठेवली, म्हणून हे लिहावे लागत आहे.

पहिल्या विधानात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. काही पाठ्यपुस्तके आणि बरेच मार्गदर्शक ही दोन्ही नावे सरमिसळ वापरतात. परंतु नावे मिसळली तरी कामे वेगळीच राहतात, आणि परीक्षक विचारतो ते कामाबद्दल.

नाव आणि बाण यांवरून केलेली वाटणी किती पोकळ आहे, हे एका उदाहरणावरून पाहू. सोलापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादक ठिबक संच बसवतात की नाही, हा प्रबंधाचा विषय आहे असे समजा. आइसेक आयझेन यांनी 1991 च्या लेखात नियोजित वर्तनाचा सिद्धांत सविस्तर मांडला. माणसाचा कृतीविषयीचा दृष्टिकोन, जवळच्या माणसांच्या अपेक्षांचा त्याला जाणवणारा दबाव आणि ती कृती आपल्या आवाक्यात आहे की नाही याविषयीची त्याची समजूत, या तिन्हींतून इरादा घडतो आणि इराद्यातून वर्तन, असा त्याचा गाभा आहे. ही झाली सैद्धांतिक चौकट. अमुक घटक तमुक घटकावर परिणाम करील असे आपण का मानतो, याचे उत्तर ती देते; ऊस, विहीर, अनुदान यांचा तिला पत्ताही नसतो.

संकल्पनात्मक चौकट संशोधकाला स्वतः उभारावी लागते. जवळच्या माणसांचा दबाव म्हणजे येथे कोणाचा, भावाचा, शेजाऱ्याचा की कारखान्याच्या शेतकी खात्याचा, हे तिच्यात ठरते. विहीर चार भावांत सामाईक असेल आणि पाण्याची पाळी ठरलेली असेल, तर ठिबकाची इच्छा असूनही संच बसत नाही. म्हणजे सामाईक विहिरीचा बाण इराद्याकडे न जाता इरादा आणि वर्तन यांना जोडणाऱ्या बाणावर जायला हवा. प्रत्यक्ष नियंत्रण नसेल तर इरादा कृतीत उतरत नाही, हे आयझेन यांनाही मान्यच आहे. या एका बाणामुळे कामाचे वेळापत्रक बदलते: इरादा आधी मोजावा लागतो आणि संच बसला की नाही हे पुढच्या हंगामात जाऊन पाहावे लागते. दोन्ही प्रश्न एकाच भेटीत विचारले, तर संच बसवून मोकळा झालेला शेतकरी आपला जुना इरादा आजच्या समाधानावरून सांगतो.

आता तिसरे विधान, ज्याने सर्वाधिक नुकसान होते. निकाल पाहून आकृती काढणे म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याभोवती लक्ष्याचे वर्तुळ आखणे होय. समजा, प्रश्नावलीत परस्परांशी संबंध नसलेले वीस घटक आहेत आणि त्यांपैकी एकाचाही ठिबकाशी काडीचा संबंध नाही. तरीही पाच टक्के सार्थकता पातळीवर किमान एक घटक ‘सार्थ’ दिसण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. तोच उचलून चौकटीत बसवला की योगायोगाला सिद्धांताचा मान मिळतो. नॉर्बर्ट केर यांनी या सवयीवर 1998 मध्ये स्वतंत्र लेख लिहिला होता. उलट बाजूचे नुकसान तर कोणाच्या लक्षातही येत नाही. जवळच्या माणसांच्या दबावाचा परिणाम आढळलाच नाही, तर सोलापुरातील या शेतकऱ्यांच्या बाबतीत आयझेन यांच्या मांडणीचा एक दुवा कमकुवत ठरला, हा प्रबंधाचा महत्त्वाचा निष्कर्ष असतो. नंतर आकृती काढणारा तो बाण पुसून टाकतो आणि आपल्याच हाताने निष्कर्ष गमावतो. शिवाय ही लबाडी पकडणे फारसे अवघड नाही. परिशिष्टातील प्रश्नावली आकृतीशेजारी ठेवावी. ज्या प्रश्नांना आकृतीत जागाच नाही असे प्रश्न ढिगाने निघाले आणि गृहीतके मात्र झाडून सगळी सिद्ध झाली, की परीक्षकाने काय ते ओळखावे. निष्कर्षांनंतर सुधारित आकृती जरूर द्यावी, पण शेवटच्या प्रकरणात, ‘सुधारित’ असे स्पष्ट लिहून आणि मूळ आकृती जागेवर ठेवून.

मुलाखतींबद्दलचे विधान आधारजन्य सिद्धांताच्या पद्धतीवरून उचललेले दिसते. ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी 1967 मध्ये ती मांडली, आणि तिच्यात तयार सिद्धांत आधी लादायचा नसतो, हे खरे. पण मुलाखतींवरचे सगळेच संशोधन त्या पद्धतीने होत नाही; आणि होत असले, तरी सामाईक विहिरीचे वाटेकरी आधी गाठायचे की स्वतंत्र विहीरवाले, हे ठरवताना संशोधकाच्या मनात काही एक मांडणी असतेच. ती आराखड्यात लिहिलेली असली, तर पुढे ती कोठे आणि का बदलली, हे मार्गदर्शकाला तपासता येते.