"ओळखीत कोणी असेल तर सांगा" हे वाक्य आजपासून बंद करा

आज दुपारी एका मुलाचा फोन आला. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सोलर बसवायचं काम शिकला, आता त्याची स्वतःची एजन्सी आहे. कामाला एकदम चोख पोरगा. चिडून म्हणाला, "ताई, लोक कृतघ्न असतात. एकशे ऐंशी घरांवर पॅनेल लावले, आज सगळ्यांना ब्रॉडकास्ट लिस्टवरून एकदम मेसेज टाकला, एकानं धड उत्तर दिलं नाही."

मी म्हटलं मेसेज पाठव बघू. पाठवला. "नमस्कार. आमची सेवा आवडली असल्यास कृपया आपला अनमोल अभिप्राय द्यावा व आपल्या मित्रपरिवारात आमच्याबद्दल अवश्य सांगावे. आपले सहकार्य अपेक्षित." खाली हात जोडलेले दोन इमोजी. आलेली उत्तरं तीन अंगठे आणि एक "शुभेच्छा".

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. राग त्या मुलाचा नाही, त्या "कृतघ्न" शब्दाचा आलाय. ज्या माणसानं दीड-दोन लाखांचं काम तुमच्यावर विश्वास टाकून दिलं, आपल्या घराच्या गच्चीला भोकं पाडू दिली, तो कृतघ्न? त्यानं करायचं काय, हे तुम्ही त्याला सांगितलंच कुठे?

आधी एक साधी गोष्ट. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधला मेसेज, समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केला असेल तरच पोचतो. म्हणजे त्या एकशे ऐंशीतल्या कितीतरी लोकांना तो मेसेज गेलाच नसणार, आणि हा त्यांना कृतघ्न ठरवून बसलाय. पण समजा सगळ्यांना पोचला असता, तरी फरक पडला नसता. हे मी इतक्या खात्रीनं सांगते कारण मी स्वतः आठ महिने हेच केलंय.

आमचे एक काका आहेत, निवृत्त पोस्टमास्तर. २०२४ च्या दिवाळीआधी त्यांच्या गच्चीवर तीन किलोवॅटची सिस्टीम बसवली. घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं महावितरणचं नेट मीटर लागलं, पीएम सूर्यघर योजनेचं अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान खात्यात आलं, माणूस खूश. मी भेटेन तेव्हा म्हणायची, "काका, ओळखीत कोणी असेल तर सांगा हं." ते म्हणायचे, "अगं हो, नक्की!" असं किमान चार वेळा झालं. एक फोन आला नाही. मलाही वाटायला लागलं होतं की तोंडदेखलं बोलतात.

मग उन्हाळ्यात पॅनेल धुवायला त्यांच्या गच्चीवर गेले होते. काका हातात बिल घेऊन वर आले. आधी उन्हाळ्यात दोन हजार आठशेच्या आसपास यायचं, ते एकशे सत्तर आलं होतं. (स्थिर आकार भरावाच लागतो, "शून्य बिल" असं जे छापतात ते ग्राहकाला फसवतात, पण तो विषय वेगळा.) त्या दिवशी मी पहिल्यांदा वेगळं विचारलं. "काका, तुमच्याबरोबर सकाळी आमराईत फिरायला येतात त्यांच्यात स्वतःची गच्ची असलेलं आणि बिल दोन हजारांच्या वर येणारं कोण आहे?"

एका क्षणात दोन नावं आली. एक निवृत्त शिक्षक आणि एक मेडिकल दुकानवाले. आठ महिने जी नावं सुचली नाहीत, ती बोलता बोलता आली. मी विचारलं, "काका, मग इतके दिवस कसं सांगितलं नाहीत?" त्यांचं उत्तर मी विसरणार नाही. म्हणाले, "कोणाला सांगायचं तेच कळत नव्हतं. आणि मला वाटायचं तुझ्याकडे कामांची रांग आहे, तू आपलं बोलायचं म्हणून बोलतेस."

म्हणजे मला जे त्यांचं तोंडदेखलं वाटत होतं, ते त्यांना माझं वाटत होतं.

"ओळखीत कोणी" म्हटलं की त्या माणसासमोर त्याची अख्खी ओळख उभी राहते, पाहुणे, शेजारी, जुनं ऑफिस, आणि त्यातून एकही चेहरा पुढे येत नाही. "फिरायला येणाऱ्यांत, स्वतःची गच्ची, बिल दोन हजारांच्या वर" म्हटलं की पाच-सहा चेहरे उरतात आणि त्यातले दोन बरोबर बसतात. निवडायचं अर्धं काम आपण करून दिलेलं असतं. फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणारा भाचा आपोआप गळतो, त्याला फोन करून आपलाही वेळ जात नाही.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. उद्या तुमचं काम बिघडलं, तर रोज सकाळी तोंड त्या काकांना दाखवायचंय, तुम्हाला नाही. म्हणून मी त्या दोघांचे नंबर मागितले नाहीत. न विचारता नंबर दिला की समोरचा म्हणतो, "कशाला दिलास?" मी म्हटलं, "काका, मी मेसेज लिहून देते. बरोबर वाटला तर तुम्हीच पाठवा. त्यांना हवं असेल तर ते मला फोन करतील, मी करणार नाही." तिथेच गच्चीवर उभं राहून लिहिलं: "आमच्याकडे दिवाळीआधी तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. या वेळचं बिल १७० आलं, आधी २,८०० च्या आसपास यायचं. ज्यांनी बसवलं त्या ताईंचा नंबर खाली देतोय."

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि शेवटी स्वतःची एक ओळ घातली. "बघायचं असेल तर आमच्या गच्चीवर या, चहा घेऊ." आणि दोघांनाही पाठवून टाकलं.

ती ओळ मला दहा हजार रुपये घेऊन कोणी लिहून दिली नसती. त्या ओळीमुळेच शिक्षक सर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरंच गच्चीवर येऊन इन्व्हर्टरचे आकडे वाचत उभे राहिले.

आता कोणीतरी खाली लिहिणारच की चांगलं काम स्वतः बोलतं. बोलतं, मान्य. काही ग्राहक न विचारताही चार जणांना सांगतात, माझेही आहेत असे. आणि काम वाईट असेल तर कितीही नेमकं विचारा, उपयोग नाही. पण त्या मुलाचं काम वाईट नाहीये हो! त्याचीच मला चीड येते. वाईट काम करणारे गोड बोलून माणसं जोडतात आणि हा चांगलं काम करून "सहकार्य अपेक्षित" असलं सरकारी परिपत्रक पाठवतो.

अभिप्रायाचंही तेच. "चार ओळी लिहून द्या" म्हटलं की भला शिकलेला माणूसही अडतो. मराठीत लिहू की इंग्रजीत, किती लिहू, चुकलं तर. मग "उत्तम सेवा, धन्यवाद" एवढंच येतं, आणि ते वाचून कोणी सोलर बसवत नाही. काकांना मी लिहायला सांगितलंच नाही. तीन प्रश्न विचारले आणि बोलून पाठवा म्हटलं, व्हॉइस मेसेज. बसवायच्या आधी भीती कसली वाटत होती? आता बिलात काय फरक पडला? मधे काही अडचण आली का, आली तर काय झालं?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही. काका म्हणाले, "मला वाटायचं स्ट्रक्चरचे बोल्ट मारले की पावसाळ्यात गच्ची गळणार. हिनं खाली काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर स्ट्रक्चर उभं केलं." गच्ची गळण्याची भीती आमच्याकडे चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला असते. मी हजार वेळा सांगितलं तरी ते विकणारीचं बोलणं. पोस्टमास्तर काकांनी सांगितलं की संपला विषय. तिसऱ्या प्रश्नाला ते नेट मीटर लागायला वेळ लागला तेही बोलले. मी ते तसंच ठेवलं. त्यांच्याच शब्दांत सहा ओळी लिहून काढल्या, त्यांना परत पाठवल्या, "असंच वापरू का, नाव घालू का?" विचारलं. त्यांनी नुसतं "हो, घाल" म्हणायचं बाकी होतं.

गूगलवरच्या रिव्ह्यूचं मात्र असं करू नका. तिथे मजकूर आपण लिहून द्यायचा नाही, त्यांना जे वाटेल ते त्यांनीच लिहायचं. बदल्यात काही द्यायचं नाही आणि फक्त खूश असलेल्यांनाच निवडून विचारायचं नाही, दोन्ही गूगलच्या नियमात बसत नाही. आपण एवढंच करायचं, "गूगलवर शोधा" न म्हणता थेट रिव्ह्यूच्या पानाची लिंक प्रत्येकाला द्यायची.

पैशाचंही सांगते. एकदा मी एका बाईंना म्हटलं, एक काम दिलंत की दोन हजार देईन. त्यांचा चेहरा पडला. "मी काय एजंट आहे का?" त्याआधी त्या आपणहून बोलायच्या, नंतर बोलेनाशा झाल्या. काही धंद्यांत चालत असेल हे. आमच्याकडे तरी ज्याला चहा पाजायचाय त्याला कमिशन दाखवणं मला आता फार वाईट वाटतं.

आणि वेळ. पॅनेल चढवले त्याच दिवशी बरेच जण अभिप्राय मागतात. त्या दिवशी ग्राहकाकडे असतं काय? खिसा रिकामा, मीटर अजून जुनंच, अनुदान यायचंय. नेट मीटर लागल्यानंतर पूर्ण महिन्याचं पहिलं बिल येतं तो दिवस खरा. पुष्कळ जण त्या बिलाचा फोटो आपणहून पाठवतात. आपण त्यावर अंगठा दाखवून मोकळे होतो! तिथेच विचारायचं असतं. आणि एखाद्याची तक्रार चालू असेल तर आधी ती मिटवा, तोवर तोंड उघडू नका.

काकांच्या दोघांपैकी मेडिकलवाल्यांचं काम झालं. शिक्षक सरांच्या गच्चीवर शेजारच्या नारळाची सावली दुपारी एकनंतर पॅनेलच्या जागेवरच यायची. एका पॅनेलवर सावली आली तरी ओळीतल्या बाकीच्यांची वीज घटते, म्हणून मी त्यांना सरळ नको म्हणाले. त्याच रात्री काकांना फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या. मला वाटलं ते नाराज होतील. ते म्हणाले, "बरं झालं नको म्हणालीस, आता मला कोणालाही सांगायला भीती नाही." त्यानंतर त्यांच्याकडून तीन कामं आली.

मघाशी फार तावातावानं लिहिलं. तो मुलगा हे वाचेल, त्यानं वाईट वाटून घेऊ नये. आठ महिने मीही काकांबद्दल मनात तेच म्हणत होते आणि ते बिचारे हातात बिल घेऊन माझ्या विचारण्याची वाट बघत होते.

उद्या संध्याकाळी तो यादी घेऊन येतोय. मी त्याला सांगितलंय, सगळी यादी नको, गेल्या दोन महिन्यांत ज्यांनी बिलाचा फोटो पाठवलाय तेवढीच नावं काढ. मोजून अकरा निघाली. त्यातल्या एक शिलाईवाल्या बाई आहेत, फोटोखाली त्यांनी लिहिलंय, "भाऊ, चार मशिनी चालवून दोनशे दहा!" त्यानं त्यावर अंगठा दिला होता. त्यांच्या ओळखीत स्वतःच्या घरात मशिनी चालवणारं कोण आहे, एवढंच उद्या त्यांना विचारायचंय.