पाच पॉइंट दहा

डोंबिवलीतला आमचा कट्टा संध्याकाळी सातला भरतो. परवा बंड्या आला तोच मोबाइल नाचवत. त्याच्या भाच्याचं स्थळ न्यू जर्सीच्या आत्याकडे पाठवायचं होतं. मराठी बायोडेटा तयार होता, त्याचं इंग्रजी भाच्यानेच रात्रीत करून दिलेलं.

"वाचा आणि चुका काढा," बंड्या म्हणाला. चूक काढायला आमच्याकडे कोणी सांगावं लागत नाही.

पहिलीच ओळ वाचून नंदूने कपाळाला हात लावला. जातीच्या रकान्यात चक्क Kashyap टाकलेलं. "अरे, हे गोत्र! उत्तर प्रदेशात कश्यप नावाची एक जातच आहे. तिकडच्या कोणी वाचलं तर तुमचं कूळ थेट गंगाकिनारी जाईल."

"मग गोत्र काढूनच टाका ना," पक्या म्हणाला. "तिथे वाढलेल्या मुलीला काय करायचंय त्याचं? आणि सगोत्र लग्नाला कायद्याची आडकाठी 1946 सालीच गेली."

"कायद्याची गेली, आईची नाही गेली," नंदू म्हणाला. "हा कागद मुलगी शेवटी वाचणार. आधी आत्या, मग आत्याची मैत्रीण, मग त्या मैत्रिणीच्या जावेची सासू. गोत्र नसलं तर त्या सासूबाई रात्री अकराला बंड्याला फोन करतील. त्यांचं काश्यप निघालं तर विषय पहिल्या दिवशी संपतो, महिनाभर बोलणी करून नाही."

मला नंदूचं पटलं. एक मात्र मी घातलं: गोत्राचं भाषांतर करायचं नाही. 'क्लॅन' लिहिलं की स्कॉटलंडच्या टेकड्या आठवतात, 'फॅमिली नेम' लिहिलं की आडनाव वाटतं. वेगळी ओळ करून Gotra: Kashyap एवढंच लिहायचं, आणि एकच स्पेलिंग शेवटपर्यंत ठेवायचं. ज्यांना कळतं त्यांना कळतं. बाकीचे पुढे वाचतात.

खरा तमाशा उंचीवर झाला. मराठीत लिहिलेलं '5.10'. आपण ते सवयीने पाच फूट दहा इंच वाचतो. भाच्याने आधी सगळी माहिती एक्सेलमध्ये भरली, आणि एक्सेलने शेवटचं शून्य खाल्लं. इंग्रजी कागदावर उरलं 5.1. म्हणजे वाचणारा पाच फूट एक इंच समजणार. फारच गणिती असला तर 5.1 फुटांचे 155 सेंटिमीटर करणार. पोरगा खरा 178 चा! बावीस-तेवीस सेंटिमीटर दशांश चिन्हात गेले.

"पॉइंट लिहायचाच नाही," मी म्हटलं. "5 ft 10 in / 178 cm. अमेरिकेत फूट-इंच चालतात, पण आत्याने तो कागद जर्मनीतल्या नणंदेला पाठवला तर तिला सेंटिमीटरच लागणार."

शिक्षणाच्या ओळीला पक्या तरतरीत झाला. मुलगा एम.बी.बी.एस., एम.एस. भाच्याने तसंच ठेवलेलं: MBBS, MS. "छान की! एम.एस. म्हटलं की तिकडे लगेच ओळखतात."

"ओळखतात, पण दुसऱ्यालाच," नंदू म्हणाला. "तिकडे एम.एस. म्हणजे मास्टर ऑफ सायन्स. आपल्या पोराची मास्टर ऑफ सर्जरी आहे, एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षं वॉर्डात घासून मिळवलेली. त्यांना वाटेल कॉलेजात लेक्चरं ऐकून आलाय."

मग अक्षरं मागे ठेवून काम पुढे आणायचं ठरलं: 'जनरल सर्जन', आणि त्याखाली तीन वर्षांचं पदव्युत्तर प्रशिक्षण. दहावीचे 91 टक्के उडवले. सर्जनची दहावी कोण विचारतो? एम.बी.बी.एस.चे 66 टक्केही काढले. आपल्याकडे तो फर्स्ट क्लास, पण अमेरिकन शाळेत शिकलेल्या पोरीला 66 म्हणजे जेमतेम पास.

इथे बंड्या गप्प झाला. "आणि तिथे लगेच प्रॅक्टिस करता येईल का, असं विचारलं तर?"

नाही येत. तिकडच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि इथे सर्जन असला तरी बहुतेकांना रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, पुन्हा करावी लागते. पक्याचं म्हणणं, हे भेटीत सांगू. माझं म्हणणं, एका ओळीत आत्ताच लिहा: परीक्षा दिलेल्या नाहीत, भारतात काम करतो, तिकडे जायची तयारी आहे की नाही. सुपारी फुटायच्या वेळी हे कळलं तर आत्याचं तिकडच्या मंडळात तोंड दाखवणं मुश्कील. बराच वेळ वाद घातला. शेवटी बंड्यानेच ती ओळ टाइप केली.

पाठवायच्या आधी त्याने भाच्याला फोन लावला, उंची एकदा मोजून घे म्हणून. पाच मिनिटांत उत्तर आलं: भिंतीला लागून, अनवाणी, पाच फूट साडेनऊ.

"आत्ता, संध्याकाळी मोजलीस ना?" बंड्या फोनवर ओरडला. "दिवसभर ऑपरेशन थिएटरात उभं राहून माणूस खचतो रे! उद्या सकाळी उठल्या उठल्या मोज!"