बालपणीची जत्रा लिहिणाऱ्यांसाठी खबरदारीच्या सूचना

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आलाच असेल: ‘बालपणीची जत्रा, बाराशे शब्द, फार जड नको.’ तर सगळ्यात आधी घरातलं पंचांग माळ्यावर टाका. जत्रा तिथीवर भरते, आणि तिथी एकदा ठरली की लेखकाचे हात बांधले जातात. चैत्री पौर्णिमेची जत्रा म्हटली की आभाळात रात्रभर चंद्र राहणार; मग ‘काळ्याकुट्ट रात्री लखलखणाऱ्या चांदण्या’ हे तुमचं ठेवणीतलं वाक्य गेलं. चंपाषष्ठीची म्हटली तर चंद्र अर्धाच, तोही मध्यरात्रीच्या आत मावळणारा, शिवाय अंगावर शाल हवी. त्यापेक्षा मोघम ‘जत्रेचा दिवस उजाडला’ असं लिहावं. म्हणजे एकाच परिच्छेदात हुरडा, कैरीचं पन्हं आणि पहिल्या पावसाचा मातीचा वास, तिन्ही सुखाने नांदतात. हुरडा थंडीतला, चैत्रात तर खळी उरकून ज्वारी पोत्यात गेलेली असते आणि म्हणूनच जत्रेला हातात चार पैसे असतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया शेतीविषयक मासिकं वाचावीत.

देवही मोघमच ठेवा. खंडोबाला भंडारा आणि जोतिबाला गुलाल, असले भेद पाळत बसलात तर लेखातले निम्मे रंग हातचे जातील. सरसकट ‘गुलाल-भंडाऱ्याची उधळण’ म्हणा. ज्यांचं बालपण 2014 ते 2021 या वर्षांत गेलं (ही मंडळीही आता बालपण लिहायला लागली आहेत) त्यांनी बैलगाडा शर्यत जरूर घालावी. मे 2014 ते डिसेंबर 2021 या काळात शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी होती खरी, पण आठवणींना कोर्टाची नोटीस लागत नाही.

आता रंग. ‘रंगीबेरंगी’ हा शब्द पहिल्या परिच्छेदात किमान तीनदा यायला हवा: रंगीबेरंगी फुगे, रंगीबेरंगी बांगड्या, रंगीबेरंगी माणसं. काही लेखक इथे भलताच उद्योग करतात. ते सगळं आवार आधी धुळीच्या रंगाचं ठेवतात: पांढुरकी वाट, मळकट तंबू, धोतरं, टोप्या. मग एकच गुलाल घेतात आणि दिवसभर त्याच्या मागे फिरतात. सकाळी वडिलांची टोपी परीटघडीची पांढरी, दुपारी तिच्या कडेला गुलाबी बोट उमटलेलं, आणि संध्याकाळी घामाने भिजलेल्या पट्टीवर गुलाल बसून तिथे गडद लाल रेघ. कोरड्या कापडावरचा गुलाल झटकला की बराचसा जातो, ओल्यावरचा बसतो, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचा अख्खा दिवस पुढे सरकतो आणि ‘संध्याकाळ झाली’ असं लिहायची गरजच उरत नाही. पण तुम्हाला शब्द भरायचे आहेत, त्यामुळे ‘संध्याकाळ झाली’ हे दोन शब्द सोडू नका. त्याला जोडून ‘पश्चिमेला रंगांची उधळण’ही बसते.

पोराची उंची विसरायची, हेही इथेच सांगून ठेवतो. सात-आठ वर्षांच्या पोराला गर्दीत पालखी दिसत नाही. त्याला दिसतात गुडघे, पिशव्या, कुणाच्या तरी हातातला नारळ, आणि डोक्यांच्या वर तरंगत गेलेली अब्दागिरी. तुमच्या पोराला मात्र पालखी, तिच्यातला मुखवटा, त्यावरचं चांदीचं नक्षीकाम आणि भोयांच्या चेहऱ्यावरचा भक्तिभाव असं सगळं एकदम दिसलं पाहिजे. तो कुणाच्या खांद्यावर होता, हे कुणी विचारत नाही.

गोंगाटाचं काम सगळ्यात सोपं. ‘ढोल-ताशांचा गजर’, ‘सनईचे सूर’, ‘विक्रेत्यांच्या आरोळ्या’ हे तीन शब्दप्रयोग पाठोपाठ टाकले की जत्रा दणाणते, निदान लेखकाच्या कानात. उगाच हलगीवाल्याजवळ जाऊन उभे राहू नका. तिथे काय चाललेलं असतं? हलगीचं कातडं सैल पडलंय, आवाज बद्द येतोय, म्हणून तो मंडपामागे बसून पाचट नाहीतर रद्दी कागद पेटवतो, हलगी जाळावर फिरवतो, मधेच बोटाने टिचकी मारून बघतो, पुन्हा फिरवतो. टिचकी ‘टण्’ बोलली की उठतो. जास्त तापली तर कातडं फाटतं, कमी तापली तर दोन घरं पुढे जाईपर्यंत पुन्हा बसतं. म्हणजे तो कडकडाट वाजण्याआधी जळक्या कागदाचा वास येतो. एकदा तो वास लेखात आला की पुढे हलगी वाजली असं नुसतं लिहिलं तरी वाचकाच्या छातीत वाजते. मग गजर, निनाद, दणदणाट या शब्दांचं काय करायचं? ते वाया जातील. तेव्हा मंडपामागे फिरकू नये.

आणखी एक वाईट सवय काहींना असते. ते आवाजाचं वर्णन करत नाहीत, आवाजामुळे काय ऐकू आलं नाही ते लिहितात. लिंबाला बांधलेला कर्णा थेट भांड्यांच्या दुकानावर रोखलेला असतो. कर्ण्याच्या तोंडासमोर उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणं बुडतं, आणि त्याच्या पाठीमागे गेलं तर तेच गाणं गोधडीतून आल्यासारखं. म्हणून दुकानाशी आई पातेल्याचा भाव बोटांनी विचारते, दुकानदार बोटांनीच सांगतो, आई मान हलवते, एक बोट मिटते. त्या दोन ओळींत एकही विशेषण नाही, आणि तरी कानठळ्या बसतात. अशा लेखनाने विशेषणं बेकार होतात. ती करू नयेत.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे अपेक्षाभंग. तो मोठा हवा. फुगा हे त्यासाठी सर्वमान्य वाहन आहे: फुगा हातून सुटतो, उंच उंच जातो, ठिपका होतो, आणि पोराला आयुष्याचं क्षणभंगुरत्व कळतं. खेड्यातल्या जत्रेतला फुगेवाला गालफडं फुगवून नाहीतर हातपंपाने फुगे फुगवत असे, आणि तसला फुगा सुटला तर वर जात नाही, दोन हातांवर मातीत पडतो आणि काटा लागून फुटतो, ही तक्रार फक्त भौतिकशास्त्राचे मास्तर करतील. त्यांच्यासाठी आपण लिहीत नाही.

लहान अपेक्षाभंग किती घातक असतो ते एका उदाहरणावरून पाहा. समजा कुणी 1978 च्या सुमाराची चैत्री पौर्णिमेची जत्रा लिहायला घेतली. पोरगं शेजारच्या गावातून बैलगाडीने आलंय, आजोबांनी रुपया दिलाय. हा लेखक काय करतो, तर रुपया मोडतो. चार आण्यांची गोडी शेव. दहा पैशांचं गारेगार. चाळीस पैशांची पिपाणी, जी घासाघीस करूनही पस्तीसला मिळाली नाही. उरले चार आणे, आणि लाकडी पाळण्याचा दर तेवढाच. चार पाळणे, एकेकात दोन पोरं, म्हणजे एका फेरीत आठ. इंजिन नाही, दोन गडी हाताने ओढून फिरवतात. आपलं पोरगं रांगेत नववं.

पहिले आठ उतरायला लागतात आणि तेवढ्यात पालखी वळणावर येते. पाळणेवाला चाक दोराने खांबाला बांधतो, टोपी काढतो, हात जोडतो. कर्णा बंद होतो. इथे त्या लेखकाला मैदान मोकळं होतं, पण हा गृहस्थ फक्त पालखी किती हळू चालते ते सांगतो: प्रत्येक घरापुढे थांबते, बायका भोयांच्या पायांवर पाणी घालतात, आरती ओवाळतात, पुढच्या घराची सुवासिनी अजून ताम्हन शोधत असते. अर्धा तास जातो. दरम्यान आवाराबाहेर बैल जुंपून झालेत, कारण उजेड आहे तोवर ओढा ओलांडायचाय; वडील दोन हाका मारतात, तिसरी बखोटीला धरून. गाडी वेशीबाहेर पडते तेव्हा मागे कर्णा पुन्हा सुरू झालेला असतो. पाळणाही. चार आणे मुठीतच. पुढच्या आठवड्यात त्याचं खोडरबर येतं, आणि विषय संपतो.

खोडरबर! यात खलनायक नाही, कुणी कुणाला रागावलं नाही, गरिबीही फारशी नाही. पोराला पाळण्यात बसू दिलं नाही ते देवाने, आणि जत्रा तर देवाचीच. त्याच्यावर रुसायचं तरी कसं? शिवाय हा सगळा प्रकार लेखाच्या जेमतेम सातव्या हिश्शात उरकतो. तो वाढवला असता तर वाचकाला पोराची कीव आली असती आणि जत्रा विसरली असती. काढून टाकला असता तर उरली असती जाहिरात. पण प्रमाण सांभाळायला मोजावं लागतं, आणि आठवणीत मोजमाप करणं आपल्याकडे कोरडेपणाचं लक्षण मानतात. तेव्हा तुम्ही निम्मा लेख अपेक्षाभंगाला द्या. पोरगं रडलं पाहिजे, आईने पदराला डोळे पुसले पाहिजेत, वडिलांनी पाठ फिरवली पाहिजे. पैशाचा आकडा लिहायचाच असेल तर पोराने पाळण्यासाठी पन्नास रुपयांची नोट गमावली असं लिहा. दुःख वजनदार होतं. 1978 साली पन्नास रुपये पोराच्या हातात कुणी दिले, हा प्रश्न आजोबांना विचारावा.

आणखी एक, अपेक्षाभंगाची पूर्वसूचना देऊ नका. वरचा लेखक ‘रांगेत नववं’ हे आधीच सांगून बसतो, आणि पाळणे चारच असल्याचंही. वाचक मनातल्या मनात हिशेब करतो, त्याला पालखी येण्याआधीच धास्ती वाटायला लागते आणि तो रंग-आवाज सगळं घाईघाईने पण नीट वाचतो. तुमचा धक्का मात्र अचानक हवा, शक्यतो ‘आणि इतक्यात…’ या शब्दांनी सुरू होणारा.

चित्र मागवताना संपादकांना विजेच्या दिव्यांनी झगमगणाऱ्या आकाशपाळण्याचा फोटो सुचवा. लाकडी पाळणा चित्रात मळकट दिसतो. अंक निघाल्यावर एखाद्या गावाहून पत्र येईल, की आमच्याकडे पालखी दिवेलागणीला निघत नाही, मध्यरात्रीनंतर छबिना निघतो, आणि पाळणे त्याआधीच बंद झालेले असतात. उत्तर पाठवा, की लेखातली जत्रा दुसऱ्या गावची आहे. कोणत्या, ते कळवू नका.