दाजी, जरा दोन पोस्ट लिहून द्या ना

मेहुण्यानं जळगावात वॉटर प्युरिफायरचं दुकान टाकलं. मी मराठीत एम.ए., त्यामुळे पोस्ट लिहायचं काम माझ्या गळ्यात. मोबदला एक कटिंग चहा.

त्यानं कंपनीचा कागद दिला: आरओ मेम्ब्रेन 0.0001 मायक्रॉन, टीडीएस 2000 पर्यंत, टाकी 8 लिटर, यूव्ही दिवा 11 वॅट, रिकव्हरी 25 टक्के. मी मागेपुढे ‘आमच्याकडे उपलब्ध’ लावलं आणि पोस्ट सोडली. पहिला लाइक माझाच.

दुसऱ्या दिवशी पारोळ्याकडचे एक काका दुकानात आले. “काय भो, तुमचं मशीन दोन हजार टीडीएसचं पानी देतं म्हने? आमच्या बोअरचं नऊशेच शे. मंग आमचंच बरं!”

चूक त्यांची नव्हती. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, आणि दोन हजार हा आकडा मशीन पेलू शकतं त्या आत येणाऱ्या पाण्याचा, हे मी कुठं लिहिलं होतं? मेहुण्यानं मीटर काढून त्यांना बोअरचं नऊशेचं पाणी आणि मशीनमधलं नव्वदचं दाखवलं. काकांनी दोन्ही चाखली. मग हळूच म्हणाले, “यात वरनाची डाय शिजीन का?”

तिथं माझी ट्यूब पेटली. जड पाण्यातलं कॅल्शियम तुरीच्या डाळीला लवकर मऊ होऊ देत नाही. आरओ ते कॅल्शियम बऱ्यापैकी काढतं. कागदावर मायक्रॉन होतं, पण गिऱ्हाईकाच्या डोक्यात वरण-बट्टी होती! मग मी प्रत्येक ओळीला ‘म्हणजे काय?’ विचारत स्वयंपाकघरापर्यंत नेली. मेम्ब्रेनची पोस्ट झाली: ‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही? या पाण्यात शिजवून बघा.’ टाकीची झाली: ‘टाकी भरलेली असेल, तर लाइट गेली तरी आठ लिटर पाणी हाताशी.’ अकरा वॅटच्या दिव्यापाशी मात्र मीच हरलो; तो कागदावरच राहू दिला.

मेहुण्याला चेव आला. “दाजी, मुतखडा जातो असं टाका ना!” म्हटलं, मग तूच टाक, आणि उद्या एखादा माणूस सोनोग्राफी घेऊन आला की त्याला चहाही तूच पाज.

रिकव्हरीची ओळ त्याला गाळायची होती. चार लिटरमधलं एकच लिटर पिण्याजोगं, हे कोण सांगतं? मी सांगितलं: ‘नळीखाली बादली ठेवा, त्या पाण्यानं फरशी पुसा.’ त्याला ‘तुळशीलाही घाला’ हवं होतं. पण नऊशेच्या बोअरचं हे उरलेलं पाणी जातं बाराशेच्या आसपास. तुळस मेली असती आणि सासूबाईंनी मला सोडलं नसतं.

डाळीच्या पोस्टीवर पाच चौकश्या आल्या. सहावी घरातून. “आपल्या डाळीला आठ शिट्ट्या लागतात, ते कधी लिहिणार?”

मेहुण्याला फोन केला. म्हणाला, “दाजी, चहा दिला ना!”