आपण म्हणाल तो दिवस

साखरपुड्याची तारीख ठरवायला दोन्ही घरांनी एकदा बसायचं होतं, एवढंच. मी म्हणालो, फोन करतो. मोठे काका म्हणाले, ईमेल जाईल. "फोनवर माणूस घाईत हो म्हणून टाकतो. लिहिलेलं चारचौघांना वाचून दाखवता येतं." मुद्दा बरोबर होता. म्हणून नवरदेवालाच टायपिंगला बसवण्यात आलं.

पहिला अर्धा तास पत्त्यातच गेला. मी तिच्या बाबांना 'टू'मध्ये आणि आईला 'सीसी'मध्ये घातलं, तर काका चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे यांना बोलावलं आणि त्यांना नुसतं कळवलं?" आई वर गेल्या. मग आजोबा राहिले म्हणून तेही वर. शेवटी 'सीसी'त माझ्या आईबाबांशिवाय कोणी उरलं नाही. आपली माणसं मागच्या रांगेत बसली तर चालतात.

विषयाच्या जागी मी लिहिलं, 'साखरपुड्याच्या तारखेबाबत'. काकांनी त्यापुढे 'विचारविनिमयासाठी भेट' जोडायला लावलं. "नुसती तारीख म्हटलं की वाटतं, ह्यांनी ठरवून टाकलीय, आता फक्त हो म्हणायला बोलावताहेत." (तारीख आम्ही दोघांनी केव्हाच ठरवली होती. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.)

मग 'स. न. वि. वि.' आलं. मी विचारलं, हे इतकं आखडून का? तर काका म्हणाले, पूर्ण लिही. 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' असं लिहून झाल्यावर विशेष काय, ते मात्र चौथ्या परिच्छेदात उगवलं. मधल्या तिन्हींत 'चि. सौ. कां.' कन्येचं कौतुक, तिच्यावरच्या संस्कारांचं कौतुक आणि संस्कार करणाऱ्यांचं कौतुक होतं. माझ्याबद्दल एकच वाक्य होतं: 'आमचा चिरंजीव तसा समजूतदार आहे.' त्यातला 'तसा' मी गुपचूप खोडला. काकांनी तो परत आणवला.

खरं काम पुढे होतं. अशा पत्रात पर्याय द्यावे लागतात, पण मोजके. एकच दिवस दिला तर हुकूम वाटतो आणि 'केव्हाही या' म्हटलं तर समोरचाही 'केव्हाही' म्हणतो. किती माणसं येणार तेही लिहावं लागतं, नाहीतर तिकडे खुर्च्यांचा हिशेब चुकतो. मी तीन दिवस सुचवले. काकांनी दोन कापले. "लोकांना निवड करायला लावणं म्हणजे त्यांच्यावर भार टाकणं." त्यांनी 'रविवार, दि. 14' असं सांगितलं, मी टाईप केलं. स्थळाबद्दल 'आपण म्हणाल तेथे' आणि संख्येबद्दल 'आम्ही पाच जण' एवढंच लिहिलं. 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती' म्हणून शेवट केला आणि बटण दाबलं.

तीन सेकंदांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. 14 ला शनिवार होता. जीमेल पाठवलेलं पत्र मागे घ्यायला पाच सेकंद देतं. सेटिंगमध्ये जाऊन ते तीसपर्यंत वाढवता येतात, पण हे माणसाला नेहमी सहाव्या सेकंदाला आठवतं. माझे उरलेले दोन सेकंद "काका, 14 ला कुठला वार आहे?" एवढं विचारण्यात गेले.

संध्याकाळी तिकडून उत्तर आलं. तेवढंच लांब, तेवढंच गोड. त्यात लिहिलं होतं, 'आपण सुचविलेला 14 तारखेचा रविवार आम्हां सर्वांना अत्यंत सोयीचा आहे.'

मी तिला फोन लावला. "तुमच्याकडे कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"सगळ्यांच्या आलंय. पण मोठ्या माणसांची चूक काढायची कशी? बाबा म्हणतात, त्यांनी रविवार लिहिलाय म्हणजे रविवारच. आजोबा म्हणतात, आकडा कुणी उगाच लिहीत नाही, शनिवार. आई दोन्ही दिवसांची तयारी करतेय."

मी काकांना दुरुस्तीचं पत्र लिहू या म्हणालो. सरळ एक ओळ: वार चुकला, शनिवार वाचावे. काकांनी 'चुकला' या शब्दाकडे असं पाहिलं, जणू मी सोयरीक मोडायला निघालोय. मग पाठीमागे हात बांधून दोन येरझारा घातल्या आणि सांगितलं, "लिही. 'आपल्या सोयीचा विचार करून आम्ही शनिवार 14 व रविवार 15 हे दोन्ही दिवस राखून ठेवले आहेत.'"

दहा मिनिटांत उत्तर आलं: 'आपल्या मनाच्या मोठेपणाने भारावून गेलो. दोन्हींपैकी आपण म्हणाल तो दिवस.'

काकांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. डोळे पाणावले होते. "बघ, कसली माणसं मिळालीत तुला!" मग खुर्ची पुढे ओढून बसले.

"हं, घे लिहायला. 'छे, छे, आपण म्हणाल तो...'"